पोट अचानक फुगलं, दारूचा थेंबही नाही. मग यकृताच्या शिरा कुणी पाहिल्या का?

पोटात पाणी झालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘दारू पिता का?’ उत्तर ‘नाही’ आलं की दुसरा अंदाज टीबीचा. माझ्या मते या दोन अंदाजांमध्ये एक आजार हरवतो. तो फार आढळत नाही हे खरं, पण तो ओळखायला उशीर झाला तर यकृत जातं. त्याचं नाव बड-कियारी सिंड्रोम.

यकृतातलं रक्त तीन मोठ्या शिरांतून बाहेर पडतं आणि महाशिरेतून हृदयाकडे जातं. या शिरांत गुठळी झाली किंवा त्यांचं तोंड आक्रसलं की रक्त आतच तुंबतं. यकृत सुजतं, त्याचं आवरण ताणलं जातं, म्हणून उजव्या बरगडीखाली दुखतं. दाब वाढला की यकृतातून पाणी पोटात झिरपतं.

कार्ल्याजवळच्या वाडीतली एक तरुणी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बाळंतपणानंतर अडीच महिन्यांनी माझ्याकडे आली. दहा दिवसांत परकराची नाडी बांधता येईना इतकं पोट वाढलं होतं. आधी कावीळ समजून झाडपाला झाला. मग एका ठिकाणी सोनोग्राफीत ‘यकृत मोठं, पोटात पाणी’ एवढंच लिहून आलं आणि ‘टीबीचं औषध देऊन बघू’ असं ठरलं. टीबीच्या गोळ्यांतल्या काही यकृतावर जड पडतात. आधीच तुंबलेल्या यकृतावर त्या अंदाजाने देणं मला मान्य नाही.

सासूबाई म्हणाल्या, “डॉक्टर, पाणी काढू नका, काढलं की परत भरतं.” भरतं ते आजारामुळे, सुईमुळे नव्हे. तपासणीपुरतं थोडंसं पाणी काढलं. रक्तातलं अल्ब्युमिन ३.२ आणि पाण्यातलं १.५ निघालं, म्हणजे फरक १.७. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर पाणी यकृतातल्या दाबामुळे साठलेलं असतं. पोटाच्या टीबीत तो सहसा कमी असतो. पाण्यातलं एकूण प्रोटीन २.९ होतं. दाब जास्त आणि प्रोटीनही २.५च्या वर, तेव्हा अडथळा यकृताच्या पुढे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शिरांत किंवा हृदयात शोधायचा. तिचा इको चांगला होता.

मग डॉपलर सोनोग्राफी केली. साध्या सोनोग्राफीत यकृताचा आकार दिसतो, डॉपलरमध्ये रक्त वाहतंय की नाही ते कळतं. दोन शिरांत प्रवाह नव्हता, तिसरीचं तोंड अरुंद होतं. म्हणून चिठ्ठीवर ‘यकृताच्या शिरांचा डॉपलर’ असं स्पष्ट लिहून घ्या.

गुठळी का झाली, हा पुढचा प्रश्न. गरोदरपण आणि त्यानंतरचे काही आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तेच करतात. पण बहुतेकींना असं होत नाही, म्हणून आत दडलेलं दुसरं कारणही शोधावं लागतं. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेने २००१ मध्ये ५३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात फॅक्टर फाइव्ह लायडन हा जन्मजात दोष सर्वांत जास्त, साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत सापडला. काहींत जॅक-२ हा अस्थिमज्जेतला बदल असतो. प्लीहा मोठी असली तर अशा रुग्णाचा साधा सीबीसीही नॉर्मल दिसू शकतो. प्रोटीन सी आणि एसचे आकडे मात्र जपून वाचावेत. यकृत बिघडलं की ते तसेही घटतात आणि वॉरफरीननेही घटतात. कमी आकडा पाहून ‘घराण्यातला दोष’ म्हणून मोकळं होऊ नये. तिच्यात फॅक्टर फाइव्ह लायडन निघाला.

उपचाराला पायऱ्या असतात. आधी हेपारिन, मग वॉरफरीनच्या गोळ्या. मीठ कमी आणि लघवीच्या गोळ्या. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीने पाहून घेतात, कारण रक्त पातळ असताना त्या फुटल्या तर जीवावर बेततं. पण माझं ठाम मत असं, की गोळ्या सुरू केल्या म्हणजे काम झालं असं समजू नये. अरुंद जागा थोडीच असेल तर फुग्याने ती उघडता येते, गरज पडल्यास स्टेंट बसवतात. सगळ्या शिरा बंद असतील तर मानेतल्या शिरेतून आत जाऊन यकृतातून रक्ताला नवी वाट काढतात, त्याला टिप्स म्हणतात. एवढ्यानेही भागलं नाही, किंवा यकृत झपाट्याने निकामी होत असेल, तर प्रत्यारोपण. हे मोठ्या केंद्रात होतं, आपल्याकडून पुण्याला जावं लागतं.

तिची एक शीर फुग्याने उघडली. पोटाचं पाणी काही आठवड्यांत ओसरलं. वॉरफरीन चालू आहे, आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. मध्ये भात लावणीच्या दिवसांत तिने गोळ्या तीन आठवडे सोडल्या आणि पोट पुन्हा जड वाटू लागलं. डॉपलरमध्ये शीर पुन्हा अरुंद दिसली, दुसऱ्यांदा फुगा करावा लागला. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळी घ्यायची नाही, हेही तिला तेव्हाच पुन्हा बजावलं. सध्या तांबी बसवली आहे. वॉरफरीन गर्भाला घातक असतं, त्यामुळे पुढचं मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधीच येऊन भेट, तेव्हा इंजेक्शनं सुरू करू, असं तिला आणि नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं आहे.