एक मेणबत्ती, दोन फ्लॅट

लाइट जाते, शेजारी दार वाजवतो, घरात एकच मेणबत्ती असते आणि दोघं प्रेमात पडतात. अशी शॉर्ट फिल्म लिहायला घेतलेली मुलं मला वरचेवर भेटतात. पहिल्याच पानावर त्यांची गाडी अडते, कारण प्रेक्षक विचारतो, मोबाइलचा टॉर्च कुठे गेला? इन्व्हर्टर नाही का? म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की गोष्ट आजची ठेवू नका. ती 2006च्या एप्रिलमध्ये, भारनियमनाच्या दिवसांत न्या. टॉर्चवाला नोकिया 1100 तेव्हाही लोकांच्या खिशात होता, तेव्हा त्याची बॅटरी संध्याकाळीच संपलेली दाखवावी लागेल.

त्या काळाचा खरा फायदा वेगळाच आहे. अचानक गेलेली लाइट कधी येईल ते कुणालाच माहीत नसतं. भारनियमनाचं मात्र वेळापत्रक असायचं, पेपरात छापून यायचं. समजा आठ ते दहा. म्हणजे दोघांनाही ठाऊक आहे की आपल्याकडे दोन तास आहेत, आणि लेखकाला घड्याळ आयतं मिळालं. आता वेळापत्रक त्याच आठवड्यात बदललं असेल, लाइट नऊलाच येणार असेल आणि हे फक्त तिला माहीत असेल, तर? ती ते त्याला सांगत नाही. प्रेमाचा एकही शब्द न बोलता पात्र किती बोलून गेलं बघा.

ती असोद्याची. जळगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, शाळेत शिकवते. समोरच्या दारात तो, बँकेत नोकरीला, पुण्याकडचा. इथे खानदेशचं ऊन कामाला येतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आठलाही भट्टीसारखा असतो. खिडकी उघडली तर ज्योत विझते, लावून घेतली तर जीव घुसमटतो. तो खिडकी लावायला उठतो, ती म्हणते राहू द्या, आणि पापडाचा रिकामा उभा डबा वाऱ्याच्या बाजूने ज्योतीला आडवा लावते. माझ्या मते या पटकथेतली सगळ्यात चांगली कृती हीच. डब्याच्या आडोशाला उजेड एकाच बाजूला पडतो, त्यामुळे दोघांना त्याच बाजूला बसावं लागतं.

आणि जवळही. ज्योतीपासून एका हातावर चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो, दोन हातांवर त्याच्या चौथाईच उरतो. चेहरा दिसायला हवा तर पात्र पुढे सरकायलाच हवं. ‘बॅरी लिंडन’साठी (1975) स्टॅन्ली कुब्रिकने मेणबत्तीच्या उजेडात चित्रीकरण करायला नासासाठी बनवलेली झाइसची लेन्स वापरली होती. आजचे साधे कॅमेरेही बरंच निभावून नेतात. तरी मुलं टेबलामागे पिवळा बल्ब लपवतात, आणि भिंतीवर एका माणसाच्या दोन सावल्या पडल्या की चोरी कळते. दुसरी चूक मेणबत्तीच्या उंचीची. प्रसंग मागेपुढे चित्रित होतात आणि पडद्यावर मेणबत्ती वाढत जाते. पूर्ण, अर्धी आणि सरत आलेली, अशा तिन्हींचे संच आधीच कापून ठेवावेत.

कापण्यावरूनच शेवटची अडचण. मेणबत्ती एकच आहे, मग सुरीने दोन तुकडे का करत नाहीत? चलाख प्रेक्षक हे विचारणारच. लेखकाने प्रश्न टाळू नये, सुरी सरळ आणावी. आठ पानांच्या पटकथेत, म्हणजे साधारण आठ मिनिटांच्या फिल्ममध्ये, मी हे पाचव्या पानावर ठेवेन:

तो : (सुरी घेऊन) अर्धी तुम्हाला, अर्धी मला. मग मी निघतो.
ती : कापू नका. दोन्ही अर्ध्यातच सरतीन.

तोवर ती शाळेतली प्रमाण मराठी बोलत होती. इथे पहिल्यांदा तिची घरची बोली तोंडून निसटते. बहिणाबाई चौधरींचं माहेर असोदा, तिथली ही लेवा बोली. ती सबंध पटकथेत पेरली तर नुसती चव उरते. एकाच वाक्यात आली तर त्यालाही कळतं की ही आता परक्याशी बोलत नाहीये. तो सुरी खाली ठेवतो.

नऊला लाइट येते. बिल्डिंगभर ‘आली, आली’ असा ओरडा होतो. बटण चालूच राहिलेलं, त्यामुळे ट्यूब दोनदा लुकलुकून लागते, पंखा हळूहळू वेग घेतो आणि डबा आडवा असूनही वरच्या वाऱ्याने ज्योत विझते. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो.

तो : दहाला येणार होती ना?
ती : वेळापत्रक बदललं. सोमवारपासून.
तो : आणि उद्या?
ती : उद्या सात ते नऊ.