छतावरील सौरसंच आणि शेवटचा हप्ता

शासकीय कंत्राटांच्या नस्त्या वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला कोणत्याही कराराची पाने शेवटाकडून उलटण्याची सवय लागते. आरंभी हेतू असतात आणि शेवटी पैसे असतात. घराच्या छतावर सौर वीजसंच बसवून घेणारा नागरिक मात्र पहिले पान वाचतो, पंचवीस वर्षांची हमी पाहून संतुष्ट होतो आणि स्वाक्षरी करतो. ही हमी बहुतेक वेळा त्याच्या उपयोगाची नसते, आणि उपयोगाचे जे असते ते करारात लिहिलेलेच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी करणारे एक मराठी अभियंता माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी स्वतःच्या घरावर 5 किलोवॅटचा संच बसवण्याचे ठरवले आणि कराराचा मसुदा माझ्याकडे पाठवला. किंमत तीन लाख रुपये. पैकी 20 टक्के मागणीबरोबर, 70 टक्के माल छतावर पोहोचताच, उरलेले 10 टक्के बसवणी पूर्ण होताच. नेट मीटरबाबत एकच वाक्य होते: वितरण कंपनीकडील कार्यवाही ग्राहकाची राहील, पुरवठादार साहाय्य करील. वीजनिर्मितीविषयी लिहिले होते, ‘वर्षाला 7,500 युनिटपर्यंत’.

या ‘पर्यंत’ शब्दाकडे पाहावे. 7,500 पर्यंतच्या वचनात 4,000 युनिटही बसतात आणि शून्यही बसते. दिल्लीच्या परिसरात एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,400 युनिट धरणे व्यवहार्य आहे, म्हणजे 5 किलोवॅटला सुमारे 7,000. हा आकडा ‘किमान’ या शब्दासह लिहिला, तरच त्याला हमी म्हणता येईल.

पंचवीस वर्षांची हमी ही पॅनेलची असते, संचाची नव्हे. पॅनेलची क्षमता प्रयोगशाळेत, पेशींचे तापमान 25 अंश असताना मोजतात. मे महिन्यात मानेसरच्या छतावर तेच तापमान 65 अंशांपर्यंत जाऊ शकते आणि दर अंशामागे क्षमता एक टक्क्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याने घटते, म्हणजे दुपारी तेरा-चौदा टक्के घट स्वाभाविकच. त्यावर अरवलीकडून येणारी धूळ, जिन्याच्या खोलीची सावली, सैल जोडण्या. या सर्वांमुळे वीज कमी आली तरी पॅनेल निर्दोष ठरते आणि निर्मात्याची हमी अबाधित राहते. ग्राहकाच्या हाती काहीच पडत नाही.

संपूर्ण संचाचे मोजमाप वेगळे आहे. त्याला कामगिरी गुणोत्तर म्हणतात. केंद्र सरकारच्या नमुना करारात ते संच कार्यान्वित होताना 75 टक्के असावे, पुरवठादाराने प्रमाणित किरणोत्सर्ग-मापक परतीच्या बोलीवर आणावा आणि पुढे पाच वर्षे हे गुणोत्तर टिकवावे, असे म्हटले आहे. हिशेब सोपा आहे. एखाद्या स्वच्छ दिवशी पॅनेलच्या पातळीत दर चौरस मीटरवर 6 युनिट इतकी सूर्याची ऊर्जा पडली, तर 5 किलोवॅटच्या संचाची आदर्श निर्मिती 30 युनिट. तिचे 75 टक्के म्हणजे साडेबावीस. इन्व्हर्टरच्या पडद्यावर 18 दिसले, तर गुणोत्तर 60 टक्के झाले आणि कोठेतरी दोष आहे. तीच ऊर्जा धुक्याच्या जानेवारीत 3 युनिट पडली, तर सव्वाअकरा युनिट मिळणे हेही निर्दोषच. म्हणून नुसत्या एका दिवसाच्या युनिटांवरून भांडू नये.

तरतूद चांगली आहे, पण तिसऱ्या वर्षी तो मापक छतावर कोण आणणार? मी पाहिलेल्या करारांत त्याचे उत्तर नाही, आणि गुणोत्तर घटल्यास युनिटमागे किती भरपाई याचेही नाही. ज्या हमीला मोजणारा नाही आणि दंड नाही, तिला माझ्या खात्यात आम्ही शुभेच्छा म्हणत असू. वर्षाच्या किमान युनिटांची अट, तूट आल्यास ग्राहकाच्या बिलातील दराने भरपाई, धूळ पुसण्याचे काम कोणाचे आणि किती दिवसांनी, हे तीन मुद्दे लिहून घेतले की वादाला आधार राहतो. वीजपुरवठा बंद असताना असा संच सुरक्षेसाठी आपोआप थांबतो. तेवढे तास पुरवठादार वगळू मागेल, आणि ते न्याय्यही आहे, परंतु इन्व्हर्टरच्या नोंदीवरूनच. शेजाऱ्याच्या त्याच दिशेच्या छतावर दर किलोवॅटमागे किती युनिट निघाले, ही तुलनाही महिन्याला करून पाहावी.

आता कागदपत्रे. pmsuryaghar.gov.in या संकेतस्थळावर अर्जदार म्हणून नाव ग्राहकाचे लागते, परंतु व्यवहारात सगळे काम पुरवठादाराचा माणूस करतो. जबाबदारी एकाची आणि हात दुसऱ्याचे, ही प्रशासनातील जुनी व्याधी येथे नियमानेच निर्माण केली आहे. 2024 च्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मान्य समजला जातो आणि आवश्यक ती भारवाढ वितरण कंपनीनेच करावयाची असते. संच बसल्याचे कळवल्यावर मीटर लावून तो चालू करण्यास 15 दिवस आहेत. परंतु ही मुदत ‘परिपूर्ण’ अर्जालाच लागू होते. मानेसरमध्ये वितरण दक्षिण हरियाणा बिजली वितरण निगमकडे आहे. वीजजोडणी मूळ मालकाच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर असेल, तर नावबदल आधी करावा लागतो. बाहेरगावाहून येऊन घर विकत घेतलेल्या आपल्या लोकांची गाडी येथेच अडते.

आणि मीटर न लागता संच उभा राहिला तर? तो चालवण्यास परवानगी नसते, आणि चोरून चालवल्यास काही जुने मीटर बाहेर जाणारी वीजही वापरात मोजतात. तीन किलोवॅट व त्यावरील संचाला मिळणारे 78,000 रुपयांचे कमाल अनुदान कार्यान्वयनाच्या अहवालानंतरच ग्राहकाच्या खात्यात येते. म्हणजे वरील मसुद्यानुसार पुरवठादार पूर्ण तीन लाख घेऊन मोकळा, आणि मीटरसाठी हेलपाटे मारणारा ग्राहक कर्जाचा हप्ता व विजेचे बिल दोन्ही भरणारा. पुरवठादार अप्रामाणिक असण्याचीही गरज नाही. ज्याचे पैसे अडकलेले नाहीत तो घाई करीत नाही, इतकेच.

मी त्यांना हप्ते फिरवण्यास सांगितले. मागणीबरोबर 10 टक्के. माल आल्यावर, पॅनेलचे क्रमांक आणि स्वदेशी पेशींचे प्रमाणपत्र जुळवून, 40 टक्के. बसवणी व चाचणी झाल्यावर 25. मीटर लागून वितरण कंपनीचा अहवाल हाती आल्यावर 20. उरलेले 5 टक्के, म्हणजे 15,000 रुपये, पहिल्या वर्षाच्या युनिटांचा हिशेब झाल्यावर. अर्ज भरणे, त्रुटी दूर करणे व मीटरची चाचणी करून घेणे पुरवठादाराकडे. नावबदल, बँकेची कागदपत्रे व शुल्क ग्राहकाकडे. पुरवठादाराच्या त्रुटीने विलंब झाल्यास दर आठवड्याला ठरावीक वजावट.

पुरवठादाराने उत्तर धाडले, ‘साहेब, सरकारी टेंडरच्या अटी घरच्या कामाला लावता?’ प्रश्न रास्त होता. लहान पुरवठादाराला पॅनेलचे पैसे आधी मोजावे लागतात, त्यामुळे मालावरचे 40 टक्के आम्ही 50 केले व बसवणीचे 15. मीटरच्या 20 टक्क्यांवर मात्र अभियंत्यांनी माघार घेतली नाही. चार दिवसांनी सुधारित करार आला, आणि अर्जाचे काम पाहणाऱ्या माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रथमच त्यात लिहिलेला होता.