फ्रेंच पाहुण्यांशी बोलायचं तर मराठीतून शिका



आपल्या धाराशिव जिल्ह्यातली बरीच मुलं बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जातात. कुणी पुण्याला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, कुणी गोव्याला. वेरूळ-अजिंठ्याला फ्रेंच पर्यटक येतात, म्हणून या मुलांच्या हातात फ्रेंच शब्दांची यादी दिली जाते. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. मुलं ती पाठ करतात आणि पाहुण्यासमोर उभी राहिली की अडखळतात. माझं मत असं की चूक यादीच्या डाव्या बाजूला आहे. तिथं इंग्रजीऐवजी मराठी हवी.

आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा एका हॉटेलात वाढप्याचं काम करतो. त्यानं सांगितलेली गोष्ट ऐका. फ्रेंच बाईंसमोर त्यानं झणझणीत भाजी ठेवली आणि सावध करायचं म्हणून म्हणाला, "आतांस्यों, से शो." म्हणजे सांभाळा, हे 'हॉट' आहे. बाई हसल्या, भाजी निवेपर्यंत थांबल्या, मग मोठा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. 'शो' म्हणजे गरम, तव्यावरून उतरलेलं. तिखटाला 'एपिसे' किंवा 'पिकां' म्हणतात. इंग्रजीत 'हॉट' हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो, म्हणून यादीनं त्याला फसवलं. मराठीत गरम वेगळं आणि तिखट वेगळं, फ्रेंचमध्येही तसंच. "तिखट म्हणजे एपिसे, गरम म्हणजे शो" एवढं शिकवलं असतं तर त्या बाईंचं तोंड पोळलं नसतं.

अशा वेळी उपयोगी पडतात ती पूर्ण वाक्यं. "से त्रे एपिसे" म्हणजे हे खूप तिखट आहे. पाहुणा "सां पिमां" म्हणाला तर मिरची नको असं समजायचं. "अं प" म्हणजे थोडंसं. आणि 'मेर्सी' या शब्दाला जपायचं. पोळी वाढू का असं विचारल्यावर पाहुणा हात हलवून नुसतं "मेर्सी" म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "नको, पुरे" असा असतो. हवी असेल तर तो "वी" म्हणेल, किंवा "सिल वू प्ले" म्हणेल. ज्यानं 'मेर्सी म्हणजे थँक्यू' एवढंच पाठ केलंय, तो खूश होऊन आणखी दोन पोळ्या वाढतो.

दुसरी गोष्ट मानाची. इंग्रजीत सगळ्यांना 'यू'. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच आहे, 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. पाहुणा वीस वर्षांचा असला तरी त्याला 'वू'च म्हणायचं. आपली मुलं आईला 'तू' आणि गुरुजींना 'तुम्ही' म्हणतात, त्यांना हा नियम शिकवावा लागत नाही, फक्त दाखवून द्यावा लागतो. पण एक सवय मात्र नव्यानं लावावी लागते. आपल्याकडं गिऱ्हाईक आलं की थेट "काय देऊ?" चालतं. फ्रेंच माणसाला आधी "बोंझूर मादाम" किंवा "बोंझूर म्स्य" लागतं. त्याशिवाय बोलणं सुरू केलं तर ते उद्धट वाटतं. संध्याकाळी "बोंस्वार" म्हणायचं. "बॉन न्वी" फक्त झोपायला जाताना. जेवायला आलेल्या पाहुण्याला "बॉन न्वी" म्हणणं म्हणजे दारातच "झोपा आता" म्हटल्यासारखं.

उच्चारातही मराठीच मदतीला येते. फ्रेंचमधला 'त' आणि 'द' आपल्यासारखा दातांना जीभ लावून होतो, इंग्रजीतल्या 'ट'-'ड'सारखा नाही. म्हणून 'हॉटेल' तिकडं 'ओतेल' होतं, 'ह' तर गायबच. आणि मी इथं जिथं अनुस्वार लिहिलाय तिथं 'न' किंवा 'म' म्हणून तोंड मिटायचं नाही, स्वरच नाकातून सोडायचा. 'बोंझूर' म्हणजे 'बोन्झूर' नव्हे. तरी देवनागरी ही कुबडीच. 'र' घशातून येतो, 'त्यू'मधला स्वर ओठ गोल करून 'ई' म्हटल्यावर निघतो, आणि हे ऐकल्याशिवाय येत नाही. रोज दहा मिनिटं तरी फ्रेंच माणसाचं बोलणं ऐकवा.

आता गाइडचं काम घेऊ आणि उदाहरण आपल्याच तेरचं घेऊ. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे, इथला माल भडोचच्या बंदराकडं जायचा. इथं विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, लामतुरे संग्रहालय आहे, गोरोबाकाकांची समाधी आहे. गाइडनं सुरुवात अशी करावी: "ब्यंव्न्यू आ तेर. तेर, कोम ला तेर." तेरमध्ये स्वागत, तेर म्हणजे 'ला तेर'सारखं. फ्रेंचमध्ये 'तेर' म्हणजे माती! हा निव्वळ योगायोग आहे, नावाचा इतिहास म्हणून तो सांगू नये. पण पाहुणा गावाचं नाव विसरणार नाही. आणि पुढचं सगळं मातीचंच आहे. "गोरा एते पोत्ये", गोरोबा कुंभार होते. "ल तांप्ल ए तां ब्रिक", देऊळ विटांचं आहे.

देवळात शिरताना "आंल्वे वो शोस्यूर, सिल वू प्ले", चपला-बूट काढा. पायरीपाशी "आतांस्यों आ ला मार्श". जुन्या व्यापाराबद्दल सांगताना शतकांचे आकडे नकोत, "इल्या द मिल आं" म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, एवढं पुरतं. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीबद्दल सांगताना "आं निव्वार, कोम आ पोंपेई" म्हणावं, म्हणजे हस्तिदंती, पाँपेईसारखी. तशीच भारतीय घडणीची मूर्ती इटलीत, इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली आहे. फ्रेंच माणसाला पाँपेई ठाऊक असतं, त्यामुळं बाकीचं तो स्वतःच विचारतो.

आणि अडचण तिथंच सुरू होते. आपण चार वाक्यं छान म्हटली की पाहुण्याला वाटतं याला फ्रेंच येतं, आणि तो भरभर बोलू लागतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन वाक्यं पक्की करून घ्या. "झ पार्ल अं प फ्रांसे", मी थोडंसं फ्रेंच बोलतो. "प्ल्यू लांतमां, सिल वू प्ले", जरा हळू. पुढं खरंच शिकायचं असेल तर पुण्या-मुंबईत आलियान्स फ्रान्सेज आहे, 'देल्फ' परीक्षेची 'ए 1' ही पहिली पायरी आहे.

पालकांना एकच सांगणं. मुलाच्या क्लासची फी भरण्याआधी त्याची वही उघडून बघा. त्यात नुसती इंग्रजी-फ्रेंच यादी असेल तर त्याला विचारा, "तिखटाला काय म्हणतात रे?" तो 'शो' म्हणाला, तर क्लासवाल्यांशी बोलून घ्या.