पत्रक दिवसांचे, टिपण महिन्यांचे
कपाशीच्या वेळापत्रकात घोळ कोठे होतो?

खरीप तोंडावर आला की गुलाबी बोंडअळीची पत्रके निघू लागतात. २०१७ च्या हंगामात या अळीने राज्यातील कपाशीचे जे नुकसान केले, तेव्हापासून हा नेमच पडला आहे. पण पत्रक शेतकऱ्याच्या हाती कागदाच्या रूपाने क्वचितच येते. कोणीतरी मोबाईलवर त्याचा फोटो काढतो, तो गावभर फिरतो, आणि एवढे बारीक कोण वाचणार म्हणून एखादा जाणता माणूस त्यातून ‘जूनमध्ये हे, ऑगस्टमध्ये ते’ असे चार ओळींचे टिपण करतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही तेच लागते. टिपण हवेच, त्याबद्दल वाद नाही. मात्र पत्रकातला नेमका जो शब्द पीक वाचवतो, तोच बऱ्याचदा या टिपणातून गळतो.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रक महिन्यांत बोलत नाही, पेरणीपासूनच्या दिवसांत बोलते. ‘४५ व्या दिवशी कामगंध सापळे लावा’ असे त्यात असते. आता दोन शेजारी घ्या. एकाने ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर २२ जूनला, म्हणजे आर्द्राच्या तोंडी सरकी टोबली. दुसऱ्याकडे पावसाने ओढ दिली, त्याची लागवड ८ जुलैला झाली. पहिल्याचा ४५ वा दिवस ६ ऑगस्टला येतो, दुसऱ्याचा २२ ऑगस्टला. फळ्यावर नुसते ‘ऑगस्ट : सापळे’ लिहिले तर पहिला माणूस महिनाअखेरीस सापळे टांगतो, आणि तोवर पतंगांचे पहिले तीन आठवडे निघून गेलेले असतात. म्हणून टिपणाच्या डोक्यावर आधी लागवडीची तारीख लिहावी आणि पुढच्या तारखा तिच्यापासून मोजाव्यात. ज्यांना नक्षत्रे सोयीची वाटतात त्यांनी ती लिहावीत, ती दरसाल त्याच तारखांच्या आसपास येतात. श्रावण-भाद्रपदाचे तसे नाही. अधिक मास आला की ते पुढे सरकतात.

दुसरी चूक याहून महाग पडते. पत्रक सहसा ‘सप्टेंबरमध्ये फवारा’ असे सांगत नाही. ते म्हणते, सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा अधिक पतंग सलग तीन रात्री सापडले, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या दिसल्या, किंवा वीस हिरवी बोंडे फोडल्यावर दोहोंत अळी निघाली, तर फवारा. टिपण करताना हा ‘तर’ सुटतो आणि उरते ‘सप्टेंबर : फवारणी’. मग रानात अळी नसताना औषध जाते, मित्रकीटक मरतात, आणि खरी गरज पडते तेव्हा हात आखडतो. उलट अळी ऑगस्टअखेरीसच दिसली तर ‘आपली फवारणी पुढच्या महिन्यात’ म्हणून माणूस थांबून राहतो. तेव्हा टिपणात प्रत्येक फवारणीच्या आधी पाहणीची ओळ हवीच. बोंड वरून चांगले दिसते, अळी आत असते. म्हणून एकराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडे तोडून फोडल्याशिवाय काही कळत नाही.

पाण्याचेही असेच. पत्रकात ‘पावसाचा खंड पडल्यास पाते, फुलोरा आणि बोंडे भरण्याच्या वेळी पाणी द्या’ असे असते, टिपणात ‘सप्टेंबर-ऑक्टोबर : पाणी’ एवढेच उरते. काळ्या रानात ओल असताना पाणी सोडले तर पातेगळ होते. बरेच दिवस ताण बसल्यावर एकदम भरपूर पाणी दिले तर झाडे उभ्या उभ्या माना टाकतात, ती आकस्मिक मर. म्हणून पाणी देण्याआधी वीतभर खोलीची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा झाला तर थांबावे, माती भुरभुरली तर एक आड एक सरीने हलके पाणी द्यावे.

आता आकड्यांचे. फोटो तिरपा निघाला, कागदाला घडी असली की टिंब दिसत नाही, १ चा ९ आणि ५ चा ६ होतो. एक हिशेब करून पाहू. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के या दाणेदार औषधाची कपाशीवरची मात्रा दहा लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम आहे. टिंब पुसले गेले तर ते ४४ वाचले जाते. चूक कशी ओळखावी? एकराला साध्या पंपाने २०० लिटर पाणी धरले तर ४.४ च्या हिशेबाने ८८ ग्रॅम औषध लागते. ४४ च्या हिशेबाने ८८० ग्रॅम! डब्यावरच्या लेबलशी एकराची मात्रा जुळली नाही की समजावे, फोटो चुकीचा वाचला. आणि पत्रकातली मात्रा दहा लिटरची असते, तर आपला पंप बहुधा पंधरा लिटरचा. त्या पंपाला ६.६ ग्रॅम लागतील.

कित्येक पत्रकांच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘पॉवर पंपासाठी मात्रा तिप्पट’ अशी ओळ असते. फोटोत एक तर ती कापली जाते, नाही तर तीच तेवढी ध्यानात राहते. ती पेट्रोलवर चालणाऱ्या, थोड्या पाण्यात धुके मारणाऱ्या पंपासाठी आहे. बॅटरीचा पंप पाणी साध्या पंपाइतकेच टाकतो. त्यात तिप्पट घातले तर रानावर आणि फवारणाऱ्याच्या अंगावर तिप्पट विष पडते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, हे विसरता येणार नाही. पंप कोणताही असो, एकरी औषध तेवढेच, हे टिपणात ठळक लिहावे.

२२ जूनच्या लागवडीचे टिपण आमच्या मते असे असावे :

जून – पुरेसा पाऊस झाल्यावरच लागवड. तारीख लिहून ठेवणे.
जुलै – नांग्या भरणे, निंदणी, डवरणी. पाणी साचल्यास चर काढणे.
ऑगस्ट – ६ तारखेला एकरी दोन कामगंध सापळे, रोज पतंग मोजणे. ६ ते २१ दरम्यान ५ टक्के निंबोळी अर्क. डोमकळ्या दिसल्या की अळीसह तोडून नष्ट करणे. खंड पडला व माती भुरभुरली तरच पाणी.
सप्टेंबर – आठवड्याला वीस बोंडे फोडणे. दोहोंत अळी निघाली तरच औषध, एका वेळी एकच. सापळ्यातली गोळी पाकिटावरील मुदतीप्रमाणे बदलणे.
ऑक्टोबर – बोंडे फोडणे चालू. ओल पाहून एक आड एक सरीने पाणी. वेचणीची तयारी.
नोव्हेंबर – वेचणी. किडका कापूस वेगळा ठेवणे.
डिसेंबर – पीक संपवणे. फरदडीसाठी पाणी न देणे. पऱ्हाट्या बांधावर रचून न ठेवणे.

शेवटची ओळ कोणाला आवडत नाही, कारण जानेवारीत कपाशीला पाणी दिले तर आणखी दोन-चार क्विंटल निघेल असे वाटते. पण ती बोंडे अळीला पुढच्या हंगामापर्यंत सांभाळतात, आणि ते एकाच्या शेतापुरते राहत नाही. फळ्यावर टिपण लावणाऱ्यांनी खाली लागवडीच्या तारखेसाठी रिकामी जागा सोडावी, आणि मूळ पत्रकाचा कागद ग्रामपंचायतीत टांगून ठेवावा. फोटोत आकडा संशयास्पद वाटला तर अंदाज न करता तो कागद पाहावा.