शपथ तिकडे, सातबारा इकडे

गेल्या महिन्यात शेजारचे एक चाचा आमच्याकडे कागद वाचून घ्यायला आले. मुलगा बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये आहे आणि आता त्याने तिथले नागरिकत्व घेतले. चाचांनी विचारले, "सर, आता आंब्याच्या बागेत त्याचा हिस्सा राहतो की गेला?"

आम्ही आधी पासपोर्टचे सांगितले. ब्रिटन दोन नागरिकत्वे चालवून घेते, भारत घेत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. पासपोर्टवर अजून सहा वर्षे शिल्लक असली तरी तो वापरणे गुन्हा ठरतो. मुलगा बहिणीच्या निकाहला याच जुन्या पासपोर्टवर येणार होता. त्याला कळवले की तो जमा करून दाखला घे, नव्या पासपोर्टवर व्हिसा काढून ये आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज कर. ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसा, नागरिकत्व नव्हे. त्यावर येता-राहता येते, मतदान करता येत नाही.

मग बागेचा प्रश्न. परदेशी नागरिक झाल्याने वारसा बुडत नाही. समजा बाग ३२ गुंठे आहे आणि मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली आहेत. शरीयतप्रमाणे पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ४ गुंठे मिळतात. उरलेल्या २८ पैकी मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचेही नाव लागते.

चाचांचा बेत मात्र वेगळा होता. "माझ्या हयातीतच त्याच्या नावे हिबा करतो, पुढे भांडण नको." इथेच अडते. परकीय चलन कायद्याच्या नियमांप्रमाणे परदेशी राहणाऱ्याला, मग तो भारतीय नागरिक असो की ओसीआय कार्डधारक, शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. घर किंवा फ्लॅट चालतो, बाग नाही. वारशाने आलेली बाग तो ठेवू शकतो. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो खरेदीदार शेतकरीही असावा लागतो.

चाचा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी असेपर्यंत काही करायचे नाही?"

करायचे आहे. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावे अजून तशीच आहेत, ती आधी तलाठ्याकडे दुरुस्त करून घ्यायची. मुलींना त्यांचा हिस्सा आजच मुलासमोर सांगायचा. आमच्या पाहण्यात भांडणे पासपोर्टवरून होत नाहीत, बहिणींचे ७ गुंठे कोणी मोजलेच नाहीत यावरून होतात.

चाचांनी ४, १४, ७, ७ हे आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले.