शब्द बदलले, वाक्य तेच

सबमिशनचा आठवडा आला की प्रत्येक कॉलेजात एक सूचना हमखास ऐकू येते: 'उतारा कॉपी करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा.' सूचना बरोबरच आहे. पण 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही. मग आपण आपल्याला सुचेल ते करतो. एका बाजूला पुस्तक उघडं ठेवायचं, पहिलं वाक्य घ्यायचं, 'तथापि'चं 'परंतु' करायचं, 'आढळले'चं 'सापडले' करायचं आणि पुढच्या वाक्याकडे वळायचं. पान भरतं, टक्केवारी खाली येते. आणि व्हायवात त्याच पानावरचा प्रश्न आला की बोलती बंद!

या प्रकाराला एक नावही आहे. रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्याला 'पॅचरायटिंग' म्हटलं. आपल्या भाषेत याला ठिगळलेखन म्हणता येईल. २०१० मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह विद्यार्थ्यांचे १८ निबंध मूळ संदर्भांशी ताडून पाहिले. एकाही निबंधात कुठल्या संदर्भाचा खरा सारांश नव्हता. मुलं स्रोतावरून लिहीत नव्हती, स्रोतातल्या एकेका वाक्यावरून लिहीत होती. घोळ शब्दसंग्रहात नसून इथेच आहे असं आम्हालाही वाटतं. एका वेळी एकच वाक्य समोर असेल, तर त्या वाक्याची चाल सुटत नाही, शब्द कितीही बदला.

उदाहरण घेऊनच बघू. खालचा उतारा पाठ्यपुस्तकी भाषेत मुद्दाम तयार केलाय, माहिती मात्र खरी आहे.

'जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. सुरुवातीला हा रंग एखाद्या शैवालामुळे आला असावा, असा अंदाज व्यक्त झाला. तथापि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर आढळले. हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. उच्च तापमानामुळे बाष्पीभवन होऊन पाण्याची पातळी घटली, क्षारता वाढली आणि त्यामुळे या सूक्ष्मजीवांच्या वाढीस अनुकूल परिस्थिती निर्माण झाली असावी, असे संशोधकांचे मत आहे. नमुन्यातील पाणी स्थिर ठेवले असता सूक्ष्मजीव तळाशी बसून पाणी पुन्हा पारदर्शक झाले. त्यावरून हा रंग कायमस्वरूपी नसल्याचे स्पष्ट झाले.'

आता ठिगळं लावूया. 'प्रारंभी हा वर्ण एखाद्या शेवाळामुळे आला असेल असा कयास मांडला गेला. परंतु पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने परीक्षण केलेल्या नमुन्यांमध्ये हॅलोआर्किया हे मीठ आवडणारे बॅक्टेरिया विपुल प्रमाणात सापडले. पोषक वातावरण तयार झाल्यामुळे ते वाढले. नमुन्यातलं पाणी न हलवता ठेवल्यावर ते शुद्ध झालं.'

वाचायला ठीक वाटतं. पण यात तीन चुका शिरल्यात, आणि तिन्ही शब्द बदलण्याच्या हौसेतून. 'सूक्ष्मजीव'चं 'बॅक्टेरिया' झालं. आर्किया हा जीवाणूंपेक्षा वेगळा गट आहे, त्यामुळे वाक्य सरळ खोटं ठरलं. 'पारदर्शक'चं 'शुद्ध' झालं. लोणारचं पाणी मुळात खारट आणि अल्कधर्मी, ते आरपार दिसलं म्हणून शुद्ध कसं होईल? तिसरी चूक चटकन दिसत नाही, पण सगळ्यात महाग तीच आहे. 'निर्माण झाली असावी, असे संशोधकांचे मत आहे' यातलं 'असावी' आणि 'मत' दोन्ही गळाले. संशोधकांनी जपून मांडलेली शक्यता आपण ठाम सत्य करून टाकली. हा प्रकार फक्त सबमिशनपुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. घरच्या ग्रुपवर 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' म्हणून जे मेसेज फिरतात, त्यातल्या कित्येकांत मूळ बातमीतलं असंच एखादं 'असावं' वाटेत सांडलेलं असतं.

मग करायचं काय? उतारा दोनदा वाचा आणि पेन्सिलने समासात प्रत्येक वाक्य काय काम करतंय तेवढंच लिहा. वाक्यातले शब्द नकोत, काम लिहा. आपल्या उताऱ्यात ते असं येईल: घटना, आधीचा अंदाज आणि तपासणीत काय निघालं, रंग कुठून येतो, तेव्हाच का (शक्यता), रंग टिकेल का आणि हे कशावरून कळलं. सात वाक्यांची पाच कामं झाली. आता पुस्तक बंद करा. खरंच बंद करा, बोट घालून ठेवू नका. समासातली कामं एका चिठ्ठीवर उतरवून घेतली असतील तर तेवढी समोर चालतील. मग रूममेटला सांगतोय अशा थाटात आधी तोंडाने सांगा, आणि सांगितलं तसं लिहून काढा. जिथे तोंड अडखळतं तिथे भाषा कमी पडत नसते, तेवढा भाग समजलेलाच नसतो. उघडा पुस्तक, तेवढंच पुन्हा वाचा, पुन्हा बंद.

असं केल्यावर साधारण हे हाती येतं:

'बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, पण तो रंग कायमचा नव्हता. तपासणीसाठी आणलेलं पाणी न हलवता ठेवलं तेव्हा त्यातले सूक्ष्मजीव खाली बसले आणि पाणी नितळ झालं, त्यावरून हे कळलं. हे सूक्ष्मजीव म्हणजे हॅलोआर्किया. ते खाऱ्या पाण्यात वाढतात आणि गुलाबी रंगद्रव्य बनवतात. आधी संशय शैवालावर होता, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला नमुन्यांत हेच भरपूर मिळाले. ते तेव्हाच इतके का वाढले असावेत? संशोधकांना वाटतं, की उष्णतेने पाणी आटलं, उरलेलं जास्त खारट झालं आणि त्यांचं फावलं.'

शेवटचं वाक्य दुसऱ्या क्रमांकावर आलं, कारण सांगणाऱ्याला तेच आधी सांगावंसं वाटलं. कारण शेवटी गेलं. वाक्यांची चाल बदलली, कारण लिहिताना जुनी वाक्यं समोर नव्हती. मात्र हॅलोआर्किया, रंगद्रव्य, संस्थेचं नाव, साल जसंच्या तसं राहिलं. या शब्दांना पर्याय शोधायचाच नसतो. पारिभाषिक शब्द, नावं आणि आकडे कुणाच्या मालकीचे नसतात. सायन्सवाल्यांपेक्षा लॉ आणि कॉमर्सवाल्यांनी हे जास्त सांभाळावं. कायद्यातली व्याख्या 'आपल्या शब्दांत' मांडायला गेलात तर कायदाच बदलतो. तिथे अवतरणचिन्हं टाकून मूळ शब्दच द्यावेत.

लिहून झालं की पुस्तक उघडा आणि दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. सलग चार-पाच शब्द तेच आले असतील (नावं, संज्ञा सोडून), तर त्यांच्याखाली रेघ मारा आणि ते वाक्य पुन्हा सांगून पाहा. मग मुळातले 'असावा', 'मत', 'काही', 'नाही' असे छोटे शब्द एकेक करून तुमच्या मजकुरात शोधा. दहा मिनिटांचं काम आहे, पण नेमकं तेच टाळलं जातं.

सारांशाचं गणित निराळं. वर जे केलं त्यात माहिती सगळी ठेवायची होती. सारांशात काय सोडायचं ते ठरवायचं असतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा अनिवार्य पेपर असतो, त्यात ६० गुण सारांशलेखनाला आहेत आणि उताऱ्याचा एक तृतीयांश करायचा असतो. आपला उतारा ८४ शब्दांचा, म्हणजे हातात २८. पुन्हा समासातल्या कामांकडे जा आणि विचारा, कुठलं काम काढलं तर बाकीचं कोसळत नाही? जिल्हा गेला तरी चालतं. संस्थेचं नाव सारांशातून गेलं तरी चालेल. पाणी स्थिर ठेवल्याचं निरीक्षण हा पुरावा आहे. तो सोडताना जीवावर येतं, पण २८ शब्दांत निष्कर्षालाच जागा आहे.

'जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. अंदाज शैवालाचा होता. नमुन्यांत मात्र गुलाबी रंगद्रव्य बनवणारे हॅलोआर्किया सापडले. बाष्पीभवनाने क्षारता वाढून ते फोफावले असावेत. रंग तात्पुरता होता.'

मोजून २७ शब्द. 'असावेत' राहिलंय, बघा. आणि 'शैवाल नव्हतंच' असं लिहिण्याचा मोह टाळलाय, कारण उतारा तसं कुठेच म्हणत नाही. 'तथापि'वरून तसं वाटतं, एवढंच. परीक्षेत अर्थातच 'पाणी गुलाबी झाले' असं प्रमाण भाषेत लिहायचं.

राहिला टक्केवारीचा प्रश्न. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाच्या मजकुरातलं १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाला पात्र धरलेलं नाही, आणि सामान्य किंवा योगायोगाने आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे तपासणीतून वगळायला सांगितलंय. कॉलेजांनी हा आकडा उचलला आणि तेवढ्यावरच भागवलं. वरचा ठिगळांचा नमुना अशा तपासणीतून आरामात सुटू शकतो, बॅक्टेरियांसकट. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, अर्थ नाही. दुसरीकडे, उत्तम रूपांतर केलं तरी माहिती दुसऱ्याचीच असते, त्यामुळे संदर्भ द्यावाच लागतो. 'शब्द माझे आहेत, मग नाव कशाला?' हा युक्तिवाद चालत नाही. आमचं प्राध्यापकांकडे मागणं एवढंच आहे, की रिपोर्टवरचा टक्का बघण्याआधी एक परिच्छेद निवडून, वही मिटायला लावून, मुलाला तो तोंडी सांगायला लावा. दोन मिनिटं लागतील.

आणि सर नाही विचारत, तर मित्राला धरा, ज्याने मूळ उतारा वाचलेला नाही. त्याला तुमचे २७ शब्द वाचायला द्या आणि तीन प्रश्न विचारा: रंग कशामुळे आला, ते नक्की ठरलंय का, आणि पाणी अजून गुलाबी आहे का? उत्तरं देताना त्याने तुमच्या तोंडाकडे पाहिलं, तर कुठलं वाक्य पुन्हा लिहायचं ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.