विम्याचे लेखाशीर्ष एक, तारखा मात्र ऋतूप्रमाणे

आपल्या बहुतेक संशोधन केंद्रांच्या अंदाजपत्रकात विमा हे लेखाशीर्ष स्वतंत्रपणे आढळत नाही. जीप व ट्रॅक्टर यांचा हप्ता वाहन देखभालीत, इमारतीचा हप्ता दुरुस्तीत, प्रयोगशाळेतील यंत्रांचा हप्ता एखाद्या प्रकल्पाच्या आकस्मिक खर्चात आणि मजुरांच्या अपघात विम्याचा हप्ता मजुरीत दडलेला असतो. त्यामुळे केंद्र वर्षाला विम्यावर एकूण किती खर्च करते हे कोणालाच सांगता येत नाही आणि कोणती पॉलिसी कधी संपते हे एखाद्या लिपिकाच्या स्मरणावर अवलंबून राहते. हे सर्व हप्ते एका लेखाशीर्षाखाली आणावेत, याविषयी फारसे दुमत नसावे. मतभेद पुढच्या पायरीवर आहे. एक लेखाशीर्ष म्हणजे एक तारीख, असे समजून सर्व पॉलिसी १ एप्रिलला बांधण्याकडे लेखा विभागांचा कल असतो. हा कल घातक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते पटवण्यासाठी तंजावरचे उदाहरण घेतो, कारण तेथील ऋतुचक्र आपल्याहून वेगळे असल्याने मुद्दा अधिक ठळक दिसतो.

तंजावरचे पंचांग

तंजावर जिल्हा हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा मुलूख. आडुतुरै येथील भात संशोधन संस्था, वेप्पनकुळम येथील नारळ संशोधन केंद्र आणि तंजावर शहरातील अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था अशी संशोधनाची दाट वस्ती या एका जिल्ह्यात आहे. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जूनला सुटते आणि कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. पाऊस मात्र मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. चक्रीवादळांचा धोकाही प्रामुख्याने याच काळातला. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या भागांतील नारळाच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली.

आता १ एप्रिलच्या पॉलिसीची कल्पना करा. नव्या आर्थिक वर्षाचे अनुदान एप्रिलच्या पहिल्या दिवशी क्वचितच खात्यात पडते. मंजुरी, देयक, स्वाक्षऱ्या या वाटेने हप्ता मे किंवा जूनमध्ये भरला जातो. विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ व्हीबीचा आशय असा, की हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज कंपनीने जोखीम स्वीकारू नये. सरकारी व निमसरकारी संस्थांसाठी यात काही सवलत असली, तरी ती लेखी हमीवर अवलंबून असते. ती गृहीत धरून चालत नाही. म्हणजे मधले दोन महिने केंद्र उघडे असते. तंजावरात हे दोन महिने तुलनेने कोरडे, म्हणून चूक झाकली जाते. कोकणात तसे होणार नाही. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले ते ३ जून २०२० रोजी आणि तौक्ते त्याच किनाऱ्याजवळून गेले ते मे २०२१ मध्ये. जी दिरंगाई तंजावरला पचते तीच श्रीवर्धन किंवा दापोलीला पचणार नाही.

यावरून नियम असा निघतो: पैसा हाती येण्याची खात्री असलेला महिना आणि जोखमीचा ऋतू सुरू होण्याआधीचा महिना, या दोहोंच्या मधली तारीख नूतनीकरणासाठी निवडावी. तंजावरला इमारती व यंत्रसामग्रीसाठी १ ऑगस्ट सोयीची ठरेल. तोवर पहिल्या तिमाहीचे अनुदान आलेले असते आणि ईशान्य मोसमीला अवकाश असतो. कोकणात हीच तारीख १ फेब्रुवारी असावी आणि तिची तरतूद चालू वर्षाच्या अनुदानातून व्हावी. वादळाचा इशारा जाहीर झाल्यावर पूर-वादळाचे नवे संरक्षण मागणाऱ्याला कंपन्या सहसा दारातच थांबवतात, हे लक्षात ठेवावे.

एका केंद्राचा हिशेब

हिशेबापुरते तंजावर जिल्ह्यातील एक मध्यम आकाराचे केंद्र धरू. दर येथे केवळ गणितासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक बदलतील. इमारती आज नव्याने बांधायच्या तर ४ कोटी रुपये लागतील. हजारी १ रुपया दराने हप्ता ४०,००० आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ४७,२०० रुपये. प्रयोगशाळेची उपकरणे व बियाण्यांचे शीतगृह यांची किंमत १ कोटी २० लाख. हजारी ५ रुपये दराने करासह ७०,८०० रुपये. जीप, मोटार, दोन ट्रॅक्टर व त्यांच्या ट्रॉल्या मिळून १,१०,००० रुपये. कर्मचाऱ्यांचा गट अपघात विमा व मजुरांच्या नुकसानभरपाईचा विमा मिळून ७२,००० रुपये. एकूण बरोबर ३ लाख. प्रत्येक दाव्यात काही रक्कम विमाधारकाला स्वतः सोसावी लागते; तिच्यासाठी याच शीर्षाखाली आणखी ३०,००० रुपये ठेवावेत. म्हणजे शीर्षाची तरतूद ३,३०,००० रुपये.

हा आकडा एकत्र दिसला, की लेखापरीक्षक किंवा वित्त समिती तो कमी करायला सांगते आणि सर्वांत सोपी कात्री विमित रकमेवर चालते. नोंदवहीत घसारा वजा जाता इमारतींची किंमत १ कोटी ६० लाख दिसते; तेवढ्याचाच विमा उतरवू, असा युक्तिवाद होतो. हप्ता १८,८८० रुपयांवर येतो आणि २८,३२० रुपये वाचतात. त्यानंतर नोव्हेंबरच्या वादळात बियाणे गोदामाचे छप्पर उडते व ४० लाखांचे नुकसान होते. नुकसान विमित रकमेच्या आत आहे, म्हणून पूर्ण भरपाई मिळेल असे वाटते. पण अग्निविम्याच्या पॉलिसीत सरासरीची अट असते. पुनर्बांधणीच्या किमतीवर घेतलेल्या पॉलिसीत प्रत्यक्ष किंमत ४ कोटी आणि विमा १ कोटी ६० लाखांचा, म्हणजे ४० टक्के. म्हणून नुकसानीच्याही ४० टक्केच, १६ लाख रुपये मिळतात. २४ लाख रुपये केंद्राच्या माथी. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या लघु उद्योगांच्या प्रमाणित पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होते. ६० टक्क्यांची नव्हे. म्हणून नूतनीकरणाच्या दोन महिने आधी केंद्राच्या अभियंत्याकडून चालू दराने पुनर्बांधणीचा अंदाज मागवणे, ही दिनदर्शिकेतील पहिली नोंद असली पाहिजे.

चार शीर्षांचे चार स्वभाव

यंत्रांच्या बाबतीत प्रश्न असतो तो कोणत्या पॉलिसीत काय बसते याचा. शॉर्टसर्किटने एखाद्या उपकरणाचे आतून नुकसान झाले, तर अग्निविमा सर्वसाधारणपणे त्या उपकरणाची भरपाई देत नाही. त्यासाठी यंत्रबिघाड किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण विमा हवा. गज वादळानंतर जसा वीजपुरवठा दिवसेंदिवस बंद राहिला तसा राहिला आणि शीतगृहातील बियाणे खराब झाले, तर यंत्र शाबूत असल्याने यंत्रविमाही कामी येत नाही. साठा खराब होण्याचे संरक्षण आणि त्यात बाहेरील वीजपुरवठा खंडित होण्याची जोखीम, अशी दोन्ही कलमे मागून घ्यावी लागतात. शिवाय पॉलिसीत लिहिलेल्या पत्त्यावरच संरक्षण असते. डीप फ्रीझर मुख्यालयातून प्रक्षेत्रावर हलवला आणि कंपनीला कळवले नाही, तर दावा अडतो. अर्थात पैदासकाराने वीस वर्षे जपलेले वाण कोणतीही कंपनी परत देत नाही. त्याची दुसरी प्रत अन्य ठिकाणी ठेवणे हाच त्याचा विमा.

वाहनांच्या बाबतीत पहिला प्रश्न मालकीचा. केंद्र वा राज्य सरकारच्या मालकीच्या, व्यावसायिक नसलेल्या सरकारी कामातील वाहनांना मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ मध्ये सक्तीच्या विम्यातून सूट आहे. नोंदणी पुस्तकावर विद्यापीठाचे किंवा नोंदणीकृत संस्थेचे नाव असेल, तर ती सूट आपोआप लागू होत नाही. ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीला पुरत नाही. तिची नोंद स्वतंत्र हवी आणि दोहोंची तारीख एकच असावी. ट्रॉलीत मजूर बसवून नेल्यास अपघातानंतर वाद ठरलेलाच. वाहनांच्या तारखा खरेदीनुसार विखुरलेल्या असतात. त्या तशाच राहू द्याव्यात, फक्त दिनदर्शिकेत उतरवाव्यात. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, तर दावा न केल्याबद्दल साठलेली सवलत जाते.

मजुरांचा विमा अंदाजित वार्षिक मजुरीवर आकारला जातो आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष मजुरीशी जुळवला जातो. लावणीच्या पंधरवड्यात ठेकेदारामार्फत आलेले मजूर हजेरीपटावर नसतात. म्हणून ते अंदाजातून सुटतात. अपघात झाल्यास मात्र दायित्व मुख्य नियोक्त्यापर्यंत पोहोचते. तंजावरला ही पॉलिसी १ जूनला, म्हणजे कुरुवैची कामे रंगात येण्याआधी सुरू व्हावी आणि तिच्यात ठेकेदाराच्या मजुरांचा उल्लेख असावा.

बदलाची किंमत

तारखा सरकवणे फुकट होत नाही. ३१ मार्चला संपणारी इमारतीची पॉलिसी १ ऑगस्टवर न्यायची, तर मधल्या चार महिन्यांचे संरक्षण घ्यावे लागते. दिवसांच्या प्रमाणात त्याचा हप्ता वर्षाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १५,७०० रुपये होईल. परंतु अल्पमुदतीचे कोष्टक लावले, तर चार महिन्यांना वर्षाच्या निम्मी रक्कम, म्हणजे २३,६०० रुपये पडतात. जुन्या अग्निविमा दरपत्रकात हेच प्रमाण होते. म्हणून नवी अल्पमुदतीची पॉलिसी न मागता चालू पॉलिसीला दिवसांच्या प्रमाणात मुदतवाढ मागावी. नकार मिळाला, तरी फरक सुमारे आठ हजारांचा आणि एकदाच सोसावयाचा आहे.

लेखा विभागाचा आक्षेप असेल, की ऑगस्टची पॉलिसी दोन आर्थिक वर्षांत विभागली जाते. ती जातेच, आठ महिन्यांचा हप्ता चालू वर्षाचा खर्च आणि चार महिन्यांचा आगाऊ दिलेला खर्च, अशी नोंद कोणताही लेखापाल करू शकतो. त्याच्या एका नोंदीची सोय पाहून केंद्राचे छप्पर उघडे ठेवणे हा उफराटा न्याय होय.

शेवटी दिनदर्शिकेचे स्वरूप. प्रत्येक पॉलिसीला एक ओळ पुरते: मालमत्ता व तिचा पत्ता, विमित रक्कम, संपण्याची तारीख, मूल्यांकन मागवण्याची तारीख ६० दिवस आधीची, मंजुरीची ४५ दिवस आधीची आणि रक्कम कंपनीकडे पोहोचण्याची ७ दिवस आधीची. कंपनीकडे आगाऊ ठेव ठेवण्याची सोय असल्यास शीर्षातील काही रक्कम तेथे ठेवावी, म्हणजे कलम ६४ व्हीबीची अट मंजुरीच्या दिरंगाईतही पाळली जाते. हा तक्ता लेखा विभागाच्या कपाटात न ठेवता केंद्रप्रमुखाच्या मासिक आढावा बैठकीत मांडला जावा. पुढील ६० दिवसांत काय संपते आहे, एवढाच प्रश्न तेथे विचारायचा.